टेलस्टार आज्ञा का ऐकेना?

नमस्कार श्रोतेहो.

१० जुलै १९६२ रोजी अमेरिकेतल्या केप कॅनव्हेरलहून टेलस्टार नावाचा उपग्रह सुटला. जेमतेम तीन फूट व्यासाचा गोळा, वजन ७७ किलो. अटलांटिक महासागराच्या एका काठावरचं टीव्हीचं चित्र त्याच क्षणी दुसऱ्या काठावर पोचवण्याचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याच महिन्यात ते त्याने करूनही दाखवलं. नोव्हेंबरात मात्र तो जमिनीवरून पाठवलेल्या आज्ञा ऐकेनासा झाला. आकाशात होता, फिरत होता, पण त्याला काही सांगायची सोय उरली नव्हती.

त्याला काय झालं हे कळण्यासाठी आधी तो कुठून जात होता ते पाहू. टेलस्टारची कक्षा लांबट होती. पृथ्वीपासून साधारण साडेनऊशे किलोमीटरपर्यंत तो खाली यायचा आणि साडेपाच हजार किलोमीटरच्या वर जायचा. म्हणजे दर फेरीत तो व्हॅन अॅलन पट्ट्यांपैकी, म्हणजे पृथ्वीभोवती अडकून राहिलेल्या वेगवान कणांच्या वलयांपैकी, आतल्या पट्ट्यातून जात असे.

हे पट्टे सापडले त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती, आणि सापडले तेही गंमतशीर रीतीने. १९५८ च्या सुरुवातीला एक्सप्लोरर-१ या उपग्रहावर जेम्स व्हॅन अॅलन यांनी गायगर काउंटर बसवला होता. येणारे कण मोजायचं ते साधं उपकरण. खालच्या उंचीवर आकडे अपेक्षेप्रमाणे येत, पण उपग्रह उंच गेला की काउंटर चक्क शून्य दाखवी. उंचावर कण नाहीत, असा सरळ अर्थ कुणीही काढला असता. व्हॅन अॅलन यांचे सहकारी कार्ल मॅकइल्वेन यांनी तसलीच नळी प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या तीव्र झोतात धरली, तर तीही शून्य दाखवू लागली. कण इतके जास्त येत होते की काउंटरला दोन कणांमध्ये सावरायला वेळच मिळत नव्हता. अवकाशातलं ते शून्य रितेपणाचं नव्हतं, गर्दीचं होतं. उपकरण शून्य दाखवतंय म्हणून स्वस्थ न बसणं, हे मला या शोधातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता हे कण तिथे अडकतात कसे? इलेक्ट्रॉन किंवा प्रोटॉन विद्युतभारित असतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रात तो सरळ जाऊ शकत नाही. बलरेषेभोवती गिरक्या घेत पुढे सरकतो. ध्रुवांकडे बलरेषा एकमेकींजवळ येतात, क्षेत्र तीव्र होतं, आणि कणाची पुढची चाल मंदावत थांबते. मग झोपाळ्यासारखा तो उलटा फिरतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पुन्हा उत्तरेकडे. जोरकस इलेक्ट्रॉनाची अशी एक खेप सेकंदाच्या आतच होते. हे चालू असतानाच तो हळूहळू पृथ्वीभोवतीही सरकतो, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे आणि प्रोटॉन पश्चिमेकडे. वातावरणाशी टक्कर होत नाही तोवर सुटका नाही, आणि आतल्या पट्ट्यात ती टक्कर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं होत नाही.

नेमकी हीच गोष्ट टेलस्टारला भोवली. तो सुटायच्या आदल्याच दिवशी प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर, सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर, अमेरिकेने १.४ मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला होता. चाचणीचं नाव स्टारफिश प्राइम. त्या स्फोटातले अगणित इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि निसर्गाच्या पट्ट्यात माणसाने भर घातली. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ त्यात जायबंदी झाला, आणखीही काही उपग्रहांना झळ बसली. एका देशाच्या चाचणीने मित्रदेशाचा उपग्रह निकामी व्हावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

टेलस्टारमध्ये बिघडलं ते आज्ञा ओळखणारं सर्किट, म्हणजे डिकोडर. एक बिघडला तर दुसरा हवा म्हणून ते दोन होते, पण दोन्ही एकाच पट्ट्यातून जात होते. टेलस्टार बनवणाऱ्या बेल लॅबच्या अभियंत्यांनी डिकोडरमध्ये होते तशाच ट्रान्झिस्टरांवर जमिनीवर किरणांचा मारा करून पाहिला. ट्रान्झिस्टरच्या धातूच्या डबीत वायू भरलेला असे. किरणांमुळे त्या वायूचं आयनीभवन होई, तो भार अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर साचे आणि ट्रान्झिस्टर नीट काम करेनासा होई. पण विद्युतदाब काढून घेतला, की तो हळूहळू पूर्ववत होई. म्हणजे उपाय सापडला होता, फक्त तो हजारो किलोमीटर दूर करायचा होता. विद्युतपुरवठा तोडायलाही आज्ञाच द्यावी लागणार, आणि आज्ञा तर तो ऐकत नव्हता!

मग त्यांनी आज्ञेच्या स्पंदांची घडण बदलली. दुबळ्या झालेल्या ट्रान्झिस्टरला चकवून पुढे जातील असे संकेत तयार केले आणि पाठवत राहिले. डिसेंबरात प्रतिसाद येऊ लागला, पुरवठा तोडून ट्रान्झिस्टरांना विसावा देता आला, आणि जानेवारी १९६३ च्या सुरुवातीला टेलस्टार पुन्हा कामाला लागला. पट्टा मात्र होता तिथेच होता. २१ फेब्रुवारीला टेलस्टार पुन्हा मुका झाला, तो कायमचाच.

उपग्रहाची ही गत, तर माणूस तिथून जिवंत कसा गेला? अपोलोबद्दल हा प्रश्न अजून विचारला जातो, कधी कधी संशयाने. उत्तर वेळेत आहे. टेलस्टार दिवसातून अनेकदा, महिनोन् महिने पट्ट्यात शिरत राहिला. अपोलोची यानं काही तासांत पट्टे ओलांडून गेली, आणि त्यांचा मार्गही पट्ट्यांचा सर्वांत दाट भाग टाळणारा होता. चंद्रावर जाऊन परत येईपर्यंत अंतराळवीरांना मिळालेला किरणांचा सरासरी डोस, रॅड या एककात मोजला तर, दोन रॅडच्याही आत राहिला. थोड्या वेळात साधारण शंभर रॅड मिळाले तर माणूस आजारी पडू लागतो. पट्ट्यातच मुक्काम ठोकला असता, तर हिशेब वेगळा झाला असता.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक चारशे किलोमीटरवर, म्हणजे बहुतांशी पट्ट्यांच्या खाली फिरतं. पण एक जागा अपवाद आहे. पृथ्वीचं चुंबकीय केंद्र तिच्या मध्यापासून थोडं सरकलेलं आहे, त्यामुळे ब्राझील आणि दक्षिण अटलांटिकवर क्षेत्र दुबळं पडतं आणि आतला पट्टा दोनेकशे किलोमीटरपर्यंत खाली उतरतो. स्थानक दिवसातून अनेकदा तिथून जातं. यानाबाहेरची कामं शक्यतो ती वेळ टाळून ठरवतात. हबल दुर्बीण तर तिथे निरीक्षणं थांबवते.

आकाशाचं निरीक्षण करणाऱ्या आपल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहालाही ही जागा चुकवायची होती. २०१५ च्या सप्टेंबरात श्रीहरिकोटाहून सुटलेल्या या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी केवळ सहा अंशांनी कललेली ठेवली, म्हणजे तो त्या जागेची उत्तरेकडची कडच तेवढी घासून जातो. ती कडही पुरेशी तापदायक असते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, तयार झालेलं एक छोटं उपकरण त्यावर सतत कण मोजत असतं. आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते इशारा देतं आणि क्ष-किरण टिपणारी उपकरणं आपला विद्युतदाब खाली आणतात. तेवढ्या मिनिटांची निरीक्षणं अॅस्ट्रोसॅट सोडून देतो.