2X दिसला म्हणजे मिसअलाइनमेंटच? आधी ३००० ने भागणं थांबवा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. "सर, दोनदा लेझर अलाइनमेंट केलं, तरी 2X जात नाही. कपलिंग बदलू का?" कुणी स्पेक्ट्रमचा फोटो पाठवलाय, कुणी नुसता आकडा. आज मोटर-पंप सेटवर बसू आणि हे एकदाचं नीट बघू.

पाया पटकन सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत आहे. शाफ्टच्या एका फेऱ्याला एकदा येणारा धक्का म्हणजे 1X. आडव्या किंवा उभ्या दिशेला 1X एकटाच मोठा असेल, तर पहिला संशय अनबॅलन्सवर. 2X वर आला, त्यासोबत शाफ्टच्या लांबीच्या दिशेला, म्हणजे ॲक्सियलला व्हायब्रेशन वाढलं, तर मिसअलाइनमेंट. आणि 1X च्या पूर्ण पटीत न बसणारे पीक आले, ३.०५ पट, ४.९५ पट असे, तर बेअरिंग. हा तक्ता सगळ्यांच्या भिंतीवर लागलेला असतो. अडचण तक्त्यात नाही. समोरचा पीक नक्की कितव्या पटीत आहे हे ठरवताना घोळ होतो.

एक प्रत्यक्ष केस घेऊ. पंधरा किलोवॉटची दोन पोलची मोटर, ५० हर्ट्झ सप्लाय, फ्लेक्झिबल कपलिंग, पुढे एंड-सक्शन पंप. मोटरच्या कपलिंगकडच्या बाजूला ६३०९ बेअरिंग, आठ बॉलचं. त्या बेअरिंगवर आडव्या दिशेला घेतलेलं रीडिंग असं होतं: ५० हर्ट्झच्या आसपास ३.१ मिमी प्रति सेकंद, १०० च्या आसपास २.२, आणि १५० च्या आसपास १.६. देखभालीच्या टीमनं लिहिलं, "1X, 2X, 3X. मिसअलाइनमेंट." अलाइनमेंट झालं, रीडिंग तसंच. पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा तसंच. मग मला बोलावलं.

मी पहिला प्रश्न विचारला, मोटर किती वेगानं फिरतेय? उत्तर आलं, "तीन हजार." मंडळी, इंडक्शन मोटर तीन हजारानं फिरत नाही. ती स्लिपनं मागे राहते, म्हणूनच तिला टॉर्क मिळतो. टॅकोमीटर लावला, २९६० निघाले. म्हणजे सेकंदाला ४९.३३ फेरे. नेमप्लेटवर २९४० होतं, पण तो पूर्ण लोडचा वेग. या पंपावर तेवढा लोड नव्हता.

आता भागाकार करा. १०० ला ५० नं भागलं तर बरोबर २. पण १०० ला ४९.३३ नं भागलं तर २.०३. खरा 2X बसतो ९८.७ हर्ट्झवर. मग १०० हर्ट्झवर काय आहे? तिथे मोटरचं चुंबकीय बल आहे. स्टेटर आणि रोटरमधलं खेचणं सप्लायच्या दर सायकलमध्ये दोनदा वाढतं आणि कमी होतं, म्हणून ते नेहमी सप्लायच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीवर दिसतं. जिथे ६० हर्ट्झ सप्लाय आहे तिथे ते १२० वर दिसेल. एअर गॅप सगळीकडे सारखी नसेल, तर हा पीक फुगतो. अलाइनमेंटनं तो हलत नाही, कारण त्याचं मूळ कपलिंगमध्ये नाहीच.

तिसरा पीक बारकाईनं बघितला तर १५०.५ वर होता. ५० नं भागा, ३.०१ येतं. कुणीही म्हणेल हा 3X. पण ४९.३३ नं भागा, ३.०५ येतं. आणि ६३०९ च्या बाहेरच्या रेसचा दोष नेमका तिथेच, तीनच्या किंचित वर येतो. म्हणजे चुकीच्या वेगानं भागलं की दोन वेगळे दोष आपोआप पूर्ण आकड्यात बसतात आणि मिसअलाइनमेंटचं खोटं चित्र तयार होतं. यासाठी मी इतका आग्रह धरतोय. तीन हजारानं भागू नका. नेमप्लेटच्या आकड्यानंही भागू नका. रीडिंगच्या वेळचा वेग मोजा.

इथे एक दर्शक म्हणतील, "आमच्या ॲनालायझरवर तर एकच पीक दिसतो, ९८.७ आणि १०० वेगळे दिसतच नाहीत." बरोबर, दिसणारच नाहीत, कारण सेटिंग तसं आहे. तुम्ही १००० हर्ट्झपर्यंतचा स्पेक्ट्रम ४०० लाइनमध्ये घेतला, तर एक लाइन अडीच हर्ट्झची झाली. या दोन पीकमधलं अंतर १.३ हर्ट्झ. एका लाइनच्या आत दोन्ही दडपले जातात. तेच ३२०० लाइन घ्या, एक लाइन जेमतेम ०.३ हर्ट्झची होते. त्यासाठी एका रीडिंगला ३.२ सेकंद लागतात, ॲव्हरेजिंग धरलं तर आणखी थोडा वेळ. राउंडवर घाई असते हे मला समजतं. पण पन्नास मशिनच्या राउंडमध्ये जे एक मशिन संशयास्पद वाटतं, त्याला तरी हा वेळ द्या.

त्या सेटवर ३२०० लाइन घेतल्या तेव्हा चित्र फुटून वेगळं झालं. ९८.७ वर, म्हणजे खऱ्या 2X वर, फक्त ०.८. १०० वर २.०. १४८ वर, म्हणजे खऱ्या 3X वर, ०.३. आणि १५०.५ वर १.५. टीमनं केलेलं अलाइनमेंट उत्तम होतं. त्यांच्या कामात काहीच खोट नव्हती.

समजा तुमच्याकडे जास्त लाइनचं उपकरण नाही. तरी मार्ग आहे. बेअरिंगच्या पीकचे पुढचे हार्मोनिक बघा. १५०.५ आणि १४८ मधलं अंतर अडीच हर्ट्झ. दुसरा हार्मोनिक ३०१ वर, त्याच्या शेजारचा खरा 6X २९६ वर. अंतर पाच झालं. चौथ्यापर्यंत गेलात तर ६०२ विरुद्ध ५९२, म्हणजे दहा हर्ट्झ. फरक दर पायरीला वाढत जातो. म्हणून कर्सर पहिल्या पीकवर ठेवून निर्णय देऊ नका, चौथ्यावर नेऊन ठेवा. जाडसर स्पेक्ट्रममध्येसुद्धा तिथे तो 12X पासून बाजूला सरकलेला दिसतो.

बेअरिंगच्या फ्रिक्वेन्सीबद्दल एक गोष्ट. "बाहेरच्या रेससाठी बॉलची संख्या गुणिले ०.४" हा अंदाज बरेच जण वापरतात. ६३०९ ला तो ३.२ देतो, जो खऱ्यापासून बराच लांब आहे. बेअरिंगच्या मापांवरून काढलेला आकडा घ्या, आणि उत्पादकानुसार तो थोडा बदलतो हेही लक्षात ठेवा. शिवाय बॉल थोडे घसरतात, त्यामुळे एक-दोन टक्के इकडे-तिकडे चालतं. एक पक्की खूण मात्र आहे. बाहेरच्या आणि आतल्या रेसचे आकडे मिळवले की बॉलची संख्या येते. इथे बाहेरचा ३.०५, तर आतला ४.९५. आता बघा, पंपाच्या इम्पेलरला पाच पाती असतील तर त्यांचा पीक बरोबर 5X वर येतो, आणि आतल्या रेसचा ४.९५ त्याला अगदी खेटून. पुन्हा तोच सापळा. आतल्या रेसचा दोष असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना 1X च्या अंतरावर छोटे पीक उभे राहतात, कारण दोष शाफ्टबरोबर फिरत लोडच्या भागात आत-बाहेर होतो. पात्यांच्या पीकभोवती सहसा तशी रांग नसते.

आता १०० हर्ट्झची खात्री कशी केली ते सांगतो, कारण "वीज बंद करून बघा" असं मी म्हटलं की कमेंटमध्ये वाद सुरू होतो. स्पेक्ट्रम लाइव्ह ठेवा आणि मोटर बंद करा. वीज जाताच चुंबकीय पीक क्षणात पडतो. यांत्रिक पीक वेगाबरोबर हळूहळू उतरतात आणि डावीकडे सरकतात. इथे १०० चा पीक स्विचबरोबर गेला. मग कपलिंग सोडून मोटर एकटी चालवली. कपलिंगच नाही तर मिसअलाइनमेंट कुठून येणार? तरी १०० वर पीक होताच. पण एक सावधगिरी: लोड नसला की मोटर जवळजवळ ३००० वर पोचते, तेव्हा 2X आणि १०० एकमेकांवर चढतात. म्हणून वेगळे मोजायचे असतील तर लोडवर मोजा, आणि एकट्या मोटरवर वीज तोडून बघा.

कारण निघालं सॉफ्ट फूट. मोटर थांबवून, वीज लॉक करून एकेक बोल्ट सैल केला, पायावर डायल लावला. एक पाय ०.२ मिमी उचलला गेला. बोल्ट आवळला की फ्रेम पिळली जायची आणि एअर गॅप एका बाजूला बारीक व्हायची. शिम घातला, पुन्हा अलाइनमेंट तपासलं, १०० चा पीक २.० वरून ०.५ वर आला. बेअरिंग काढलं, बाहेरच्या रेसवर लोडच्या भागात खवला निघालेला होता.

राहिला 1X, ३.१ वाला. तो अजून तसाच होता, आणि हा मात्र खरा अनबॅलन्स निघाला. "1X आहे म्हणजे अनबॅलन्स" एवढ्यावर मी ते म्हटलं नाही. आडव्या आणि उभ्या दिशेतला फेज फरक ९० अंशांच्या जवळ होता आणि रीडिंग दर वेळी स्थिर येत होतं. ॲक्सियलला फक्त ०.७. मिसअलाइनमेंट असतं तर कपलिंगच्या दोन्ही बाजूंचा ॲक्सियल फेज १८० अंशांच्या आसपास विरुद्ध आला असता. तो मोजताना सेन्सर समोरासमोर तोंड करून लागतात, त्यामुळे एका बाजूच्या आकड्यात १८० ची दुरुस्ती करावी लागते. हे विसरलं तर निष्कर्ष नेमका उलटा होतो. मोटर एकटी चालवली तेव्हा 1X ०.८ वर आला होता, म्हणजे वजनाचा असमतोल पंपाच्या बाजूला. इम्पेलर उघडला, एका बाजूच्या पात्यांवर साका बसला होता. साफ करून बसवल्यावर 1X १.२.

शेवटचा प्रश्न, ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरचा. तिथे १०० हर्ट्झ शोधू नका. ड्राइव्ह ४२ हर्ट्झ देत असेल तर चुंबकीय पीक ८४ वर येईल. ड्राइव्हच्या डिस्प्लेवरची आउटपुट फ्रिक्वेन्सी आणि टॅकोमीटरचा वेग, दोन्ही त्याच मिनिटाला लिहून घ्या आणि मगच भागाकार करा.