चौथ्या गटाला कॅटलॉग पाठवायचा का?

[दृश्य: वडोदरा, रावपुरा. साड्यांच्या दुकानात काउंटरवर कॅटलॉगचे गठ्ठे.]

समजा, या दुकानाला दिवाळीचा कॅटलॉग टपालाने पाठवायचाय. छपाई आणि टपाल धरून एक कॅटलॉग ४० रुपयांना पडतो. एका खरेदीमागे ६०० रुपये सुटतात. म्हणजे शंभर कॅटलॉगांमागे जवळपास सात खरेद्या झाल्या, तरच खर्च निघेल.

गेल्या दिवाळीला कॅटलॉग सरसकट सगळ्यांना गेला होता. त्यातली १०,००० गिऱ्हाइकं, कोण खरेदी करेल याचा अंदाज बांधणारं मॉडेल तयार करताना बाजूला ठेवली होती. त्यांच्यात ५०० खरेद्या झाल्या, शेकडा ५. आता मॉडेलने त्यांना गुण दिले, जास्त गुणवाले वर अशी यादी लागली आणि हजार-हजारांचे दहा गट पडले.

[पडद्यावर: गेन चार्टची रेघ हळूहळू चढते.]

पहिल्या गटात १७५ खरेद्या, दुसऱ्यात १००, तिसऱ्यात ७०, चौथ्यात ४५. पुढे उतार. पहिल्या तीन गटांत मिळून ३४५, म्हणजे एकूण खरेद्यांपैकी ६९ टक्के. चिठ्ठ्या टाकून ३,००० नावं काढली असती तर साधारण १५० मिळाल्या असत्या. यादीत वरून किती जणांना पाठवलं की एकूण खरेद्यांपैकी किती हाती लागतात, ते गेन चार्ट दाखवतो; त्यातली तिरकी सरळ रेघ म्हणजे हीच चिठ्ठ्यांची निवड. ३४५ भागिले १५०, म्हणजे चिठ्ठ्यांच्या २.३ पट; यालाच लिफ्ट म्हणतात.

[पडद्यावर: चौथा गट ठळक होतो.]

घोळ इथे होतो. चार गट एकत्र धरले तरी लिफ्ट १.९५ दिसते, जवळजवळ दुप्पट, आणि मालक म्हणतात, "मग चौथ्यालाही पाठवू या." पण ही सरासरी पहिल्या गटाच्या जिवावर उभी आहे. चौथा गट सुटा बघा: ४५ खरेद्यांचे २७,००० रुपये सुटले, कॅटलॉगांवर ४०,००० गेले. तेरा हजारांचा खड्डा. तिसऱ्या गटात जेमतेम २,००० उरतात. म्हणून तिथे थांबायचं: नफा ८७,०००. सगळ्यांना पाठवलं तर एक लाखाचा तोटा. एकत्रित लिफ्ट बैठकीत दाखवायला छान, पण हात कुठे आखडायचा ते सुट्या गटाच्या आकड्यावरच ठरतं.

पहिल्या गटाची लिफ्ट ९ च्या वर दिसली, तर खूश होऊ नका. इथे ती १० च्या वर जाऊच शकत नाही, कारण सगळ्या ५०० खरेद्या त्याच गटात आल्या तरी दर शेकडा ५० होतो. इतकं अचूक मॉडेल बहुधा चोरून बघतं: कॅटलॉगमधलं कूपन वापरलं का, असा खरेदीनंतर भरलेला रकाना त्यात शिरलेला असतो.

[दृश्य: पाकिटांवर पत्ते चिकटवणारे हात. काही नावं वगळली जातात.]

आणखी एक गोष्ट या चार्टला दिसत नाही. वरच्या गटातली कित्येक गिऱ्हाइकं दरवर्षी दिवाळीला येतातच, कॅटलॉग मिळो न मिळो. त्यासाठी यंदा वरच्या ३,००० पैकी ३०० जणांना, चिठ्ठ्या टाकून, कॅटलॉग पाठवायचाच नाही. दिवाळीनंतर त्यांच्या खरेदीचा दर उरलेल्या २,७०० च्या दरातून वजा करायचा. कॅटलॉगची कमाई तेवढ्या फरकाचीच.