दह्यातले जिवाणू पोटात गेल्यावर काय करतात?

(एका सार्वजनिक व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, दह्यातल्या जिवंत जिवाणूंविषयी जे दावे आपण ऐकतो, त्यांतल्या बहुतेकांचे गृहीतक एकच असते: हे जिवाणू पोटात जाऊन तग धरतात, आतड्यात वस्ती करतात आणि तिथून आपले भले करतात. आज मी त्याच्या जवळजवळ उलट सांगणार आहे. दह्याचा सर्वांत पक्का सिद्ध झालेला फायदा त्यातले जिवाणू आपल्या आतड्यात फुटून मरतात म्हणून मिळतो. तग धरणाऱ्या जिवाणूंचे फायदेही काही ठिकाणी सिद्ध झाले आहेत, परंतु ते बहुधा आपल्या वाटीतले जिवाणू नसतात.

आधी भांड्यात काय घडते ते पाहू. दूध आपण नीट उकळतो, त्याने दोन गोष्टी साधतात. दुधातले इतर जिवाणू बहुतांशी मरून विरजणाला मैदान मोकळे मिळते, आणि दुधातली पाण्यात विरघळलेली प्रथिने उलगडून केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या कणांना चिकटतात, त्यामुळे पुढे दही घट्ट लागते. दूध कोमट झाल्यावर आपण विरजण घालतो. त्यातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ असतो, तो उतरत उतरत ४.६ च्या आसपास आला की केसीनच्या कणांमधले परस्परांना दूर लोटणारे विद्युतभार संपतात, कण एकमेकांना धरतात आणि त्यांच्या जाळीत पाणी आणि स्निग्धांश अडकून राहतात. दही लागते ते या क्षणी. त्यानंतरही भांडे बाहेर उबेत ठेवले, तर आम्ल वाढतच राहते, जाळी आकसते आणि दह्याला पाणी सुटते.

कारखान्यात योगर्ट म्हणून जे लावतात, त्यात दोन ठरलेले जिवाणू असतात: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दोघांना ४० ते ४५ अंशांची ऊब मानवते आणि त्यांचे एकमेकांवाचून अडते. पहिला आधी वाढतो, विरघळलेला ऑक्सिजन संपवतो आणि फॉर्मिक आम्ल तयार करतो, ते दुसऱ्याला लागते. दुसरा दुधातली प्रथिने तोडून त्यांचे लहान तुकडे पुरवतो, ते पहिल्याला लागतात. घरच्या विरजणात मात्र कोण असेल हे ठरलेले नसते. दूध बरेच गार झाल्यावर विरजण लावणाऱ्या आणि भांडे ओट्यावर नुसते ठेवणाऱ्या घरात लॅक्टोकॉकस आणि ल्यूकोनोस्टॉक यांसारखे २५ ते ३० अंशांत रमणारे जिवाणू वरचढ होतात, आणि त्या दह्याला लोण्यासारखा मंद वास येतो. उबेत भराभर लागलेल्या दह्याचा वास अधिक तीव्र असतो. दह्याला तार येत असेल, तर काही जिवाणू साखरेच्या लांब साखळ्या सोडत आहेत. ते दही किळसवाणे वाटले तरी एवढ्यावरून बिघडलेले ठरत नाही. बुडबुडे धरलेले आणि फुटलेले दही, किंवा ज्याच्या सायीवर गुलाबी-केशरी ठिपके आहेत ते दही, हे मात्र टाकून द्यावे आणि त्याचे विरजणही पुढे चालवू नये.

आता या दह्याची २०० ग्रॅमची एक मोठी वाटी घेऊ. तेवढ्या दुधात सुमारे साडेनऊ ग्रॅम लॅक्टोज होते. ‘दही लागले म्हणजे दुधातली साखर संपली’ असा समज सार्वत्रिक आहे, पण तो बरोबर नाही. दही लागेपर्यंत जेमतेम पाव भाग साखर खर्च होते. म्हणजे वाटीत सात ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज शिल्लक असते. ज्या प्रौढांच्या लहान आतड्यात लॅक्टोज तोडणारे विकर कमी झालेले असते, आणि आपल्याकडे अशी माणसे पुष्कळ आहेत, त्यांना तेवढ्या साखरेचे दूध प्यायल्यावर पोट फुगणे, गुडगुडणे, शौचाला पातळ होणे असा त्रास होऊ शकतो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. तरी हीच माणसे सांगतात की दूध सोसत नाही, पण दही चालते.

याचे कारण १९८४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात झालेल्या एका नेटक्या प्रयोगाने दाखवले. मोठ्या आतड्यात साखर आंबली की हायड्रोजन तयार होतो, त्यातला काही रक्तावाटे फुप्फुसात येतो आणि श्वासातून मोजता येतो. लॅक्टोज न पचणाऱ्या माणसांना एकदा दुधातून आणि एकदा योगर्टमधून सारख्याच मापाचे, १८ ग्रॅम, लॅक्टोज दिले. योगर्टनंतर श्वासातला हायड्रोजन दुधाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच निघाला. साखर तितकीच होती, पण ती पचली होती. आणि पचवणारे विकर जिवाणूंनी बरोबर आणले होते. योगर्टमधल्या जिवाणूंच्या पेशीत लॅक्टोज तोडणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज असते. जठराच्या आम्लातून जाताना पेशीची भिंत त्याला सांभाळते, दह्यातली प्रथिने आम्लाची धार थोडी बोथट करतात, आणि दही जठरातून दुधापेक्षा सावकाश पुढे सरकते. लहान आतड्यात पित्तरस मिसळला की जिवाणूंचे आवरण फुटते आणि आतले विकर मोकळे होऊन कामाला लागते. योगर्ट तयार झाल्यावर तापवले, तर विकर निकामी होते आणि हा फायदा बराचसा जातो. म्हणून कढीला हे लागू होत नाही.

त्याच सुमाराच्या चाचण्यांत आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. दुधात लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस नुसता मिसळून दिला, तर लॅक्टोजच्या पचनात विशेष फरक पडला नाही. हा जिवाणू पित्तरसाला दाद देत नाही. तो फुटत नाही, म्हणून त्याचे विकर बाहेर येत नाही. लॅक्टोकॉकसने आंबवलेल्या ताकाचाही योगर्टइतका उपयोग झाला नाही, कारण लॅक्टोकॉकस बहुधा वेगळ्या मार्गाने, वेगळे विकर वापरून लॅक्टोज तोडतो. यावरून घरच्या दह्याविषयी एक सावध निष्कर्ष निघतो: उबेत लावलेल्या दह्याकडून हा फायदा अधिक अपेक्षित आहे, गार ओट्यावर लावलेल्या दह्याकडून कमी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये योगर्टच्या जिवाणूंबाबत लॅक्टोज-पचनाचा हा दावा मान्य केला, आणि अट घातली ती ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत योगर्ट-जिवाणूंची. प्रोबायोटिक म्हणून आलेले बहुतेक दावे त्याच प्राधिकरणाने पुराव्याअभावी फेटाळले.

आता आंबवलेल्या पिठाकडे वळू. इडलीच्या किंवा आंबोळीच्या पिठात कोणी विरजण घालत नाही. जिवाणू मुख्यतः उडदाच्या डाळीवरूनच येतात. सुरुवातीला ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडीस भराभर वाढतो. साखरेपासून तो आम्लाबरोबरच कार्बन डायऑक्साइडही सोडतो, आणि पीठ वर येते ते या वायूने. वायू कितीही झाला तरी तो धरून ठेवायला उडदातली प्रथिने आणि बुळबुळीत साखळी-शर्करा लागतात. नुसत्या तांदळाचे पीठ आंबते, पण तसे फुगत नाही. पुढे अधिक आम्ल सोसणारे जिवाणू ताबा घेतात आणि पिठाची आंबट चव वाढते.

मग आपण ते पीठ वाफवतो किंवा तव्यावर टाकतो, आणि हे सगळे जिवाणू मरतात. इडली, आंबोळी, ढोकळा यांना ‘प्रोबायोटिक अन्न’ म्हणणे म्हणूनच चूक आहे. पण जिवाणूंनी आधी केलेले काम शिजवल्याने पुसले जात नाही. पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज-स्टॅकियोज या शर्करा घटलेल्या असतात, लोह आणि जस्त बांधून ठेवणारे फायटेट कमी झालेले असते, आणि पदार्थ हलका होतो. एक दावा मात्र आपल्या शाकाहारी घरांत फार चालतो, तो म्हणजे आंबवल्याने बी-१२ मिळते. त्यावर विसंबू नये. दह्यातले बी-१२ हे मुळात दुधातले असते, विरजणाने त्यात भर पडत नाही. आणि इडलीचे पीठ कितीही आंबले तरी बी-१२ ची कमतरता त्याने भरून निघत नाही.

राहिला तग धरणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एली मेचनिकॉफ यांनी असा सिद्धान्त मांडला, की मोठ्या आतड्यातले कुजवणारे जिवाणू म्हातारपण लवकर आणतात आणि आंबट दुधातले जिवाणू त्यांना आवर घालतात. पुढे दिसले की बल्गेरिकस आपल्या आतड्यात वस्तीच करत नाही. आज प्रोबायोटिकची मान्य व्याख्या अशी आहे: पुरेशा संख्येने घेतल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. तो लाभ दाखवलेला असावा लागतो, आणि तोही नेमक्या वाणाचा. कोलकात्याच्या झोपडवस्तीत एक ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस केसी शिरोटा या वाणाने जुलाबांचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे फायदा खरा, पण माफक. ओडिशात नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक निवडलेला वाण आणि एक विशिष्ट शर्करा असे मिश्रण दिले. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत, जुलाब होऊन रुग्णालयात आलेल्या मुलांना लॅक्टोबॅसिलसचेच वेगळे वाण दिले, तेव्हा काहीही फरक पडला नाही. वाण, वय, आजार, आधीचा आहार यांतले काहीही बदलले की उत्तर बदलते.

डॉक्टर प्रतिजैविके देतात तेव्हा ‘बरोबर दही खा’ म्हणतात, त्याचे काय, असा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. मुलांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब प्रोबायोटिकने कमी होतात, आणि रोज ५०० कोटी किंवा अधिक जिवंत पेशी दिल्या तर परिणाम स्पष्ट दिसतो. आपल्या २०० ग्रॅम ताज्या दह्यात ग्रॅमला १० कोटी धरले, तरी दोन हजार कोटी पेशी झाल्या. तेव्हा उणीव संख्येची नाही, ओळखीची आहे. चाचण्यांत वापरलेल्यांपैकी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आपल्या विरजणात असेलच असे नाही, आणि सॅकॅरोमायसीस बुलार्डी हे तर यीस्ट आहे, ज्यावर प्रतिजैविकांचा परिणामच होत नाही. जिवाणूंवर आधारलेले प्रोबायोटिक घ्यायचे असेल, तर ते आणि प्रतिजैविकाची मात्रा यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवतात. दही जेवणात जरूर खावे. काही प्रतिजैविके, उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सासिन, दह्यातल्या कॅल्शियमशी बांधली जाऊन नीट शोषली जात नाहीत, तेव्हा अशा गोळीबरोबर मात्र नको. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, किंवा ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली आहे, त्यांनी प्रोबायोटिकच्या कुप्या-गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण अशा रुग्णांत हेच सूक्ष्मजीव रक्तात उतरल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.