पडद्यावरचा भाव आणि हाती येणारा पैसा

श्रोतेहो, नमस्कार.

शेअर बाजारातल्या कंपन्यांची लार्ज कॅप, मिड कॅप आणि स्मॉल कॅप अशी विभागणी आपण नेहमी ऐकतो. कंपनीच्या एकूण शेअरांची संख्या आणि एका शेअरचा चालू भाव यांचा गुणाकार केला की तिचे बाजारमूल्य मिळते, आणि त्यानुसार हे गट पडतात. काही ठिकाणी मूल्याची मर्यादा ठरवून गट पाडतात, तर काही ठिकाणी मूल्यानुसार उतरत्या क्रमाने यादी करून. अमेरिकेतला रसेल 2000 हा निर्देशांक अशा यादीतल्या पहिल्या 1000 कंपन्या सोडून त्यांच्या खालच्या सुमारे 2000 कंपन्यांचा बनतो. लहान कंपनीत जोखीम जास्त आणि वाढीची संधीही जास्त, हे वाक्य बहुतेकांना पाठ असते. पण ही जोखीम नेमकी कोठून येते, हे फारसे कोणी उलगडून सांगत नाही, म्हणून आज त्याविषयीच बोलू.

पहिला उगम कंपनीच्या हिशेबातच आहे. एका लहान कारखान्याची कल्पना करा. त्याची वर्षाची विक्री 100 कोटींची आहे. इमारत, यंत्रे, पगार आणि कर्जाचे व्याज असा स्थिर खर्च 60 कोटी आहे. विक्री घटली म्हणून तो लगेच घटत नाही. कच्चा माल आणि वाहतूक असा विक्रीबरोबर बदलणारा खर्च 30 कोटी, आणि उरलेला 10 कोटी नफा. आता या कारखान्याचा 20 कोटींचा माल घेणारा एक मोठा ग्राहक दुसरीकडे गेला असे धरा. विक्री 80 कोटींवर आली, बदलता खर्च 24 कोटींवर उतरला, पण स्थिर खर्च 60 कोटींवरच राहिला. म्हणजे 10 कोटींच्या नफ्याच्या जागी 4 कोटींचा तोटा आला. उलट, तेवढाच मोठा ग्राहक नव्याने मिळाला आणि आहे त्याच यंत्रांवर त्याचे काम निघाले, तर विक्री 120 कोटी, बदलता खर्च 36 कोटी आणि नफा थेट 24 कोटी होतो. लहान कंपनीची वाढ आणि तिची जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच हिशेबाच्या दोन दिशा आहेत, असे मी म्हणतो ते यामुळेच.

खर्चाचे हेच प्रमाण एखाद्या प्रचंड कंपनीचेही असू शकते. फरक असा की, तिचा सर्वांत मोठा ग्राहकसुद्धा पुष्कळदा विक्रीच्या एखाद्या टक्क्याहून अधिक नसतो. तो गेला तर 10चा नफा 9.3 होतो, आणि पुढच्या तिमाहीत दुसऱ्या देशातल्या किंवा दुसऱ्या उत्पादनाच्या विक्रीतून ती घट भरूनही निघते. मात्र या स्थैर्याची किंमत वाढीत मोजावी लागते, कारण लाख कोटींची विक्री दुप्पट करायची तर आणखी लाख कोटींचे ग्राहक शोधावे लागतात, आणि तेवढी मागणी पुष्कळदा त्या बाजारपेठेतच नसते. मोठेपणा म्हणजे सुरक्षितता असेही नाही. 2008 साली लेहमन ब्रदर्सने आणि 2009 साली जनरल मोटर्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा दोन्हींची गणना जगातल्या नामांकित कंपन्यांत होत होती. मिड कॅपविषयी एवढेच सांगतो की, या गटात वर चढत आलेल्या आणि वरून घसरत आलेल्या अशा दोन्ही कंपन्या शेजारीशेजारी असतात, त्यामुळे गटाच्या नावावरून तिची दिशा कळत नाही.

दुसरा उगम मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो ताळेबंदात दिसतच नाही. तो बाजारातल्या खरेदीदारांच्या रांगेत असतो. एका लहान कंपनीचे एकूण 1 कोटी शेअर आहेत आणि शेवटचा व्यवहार 100च्या भावाने झाला आहे, म्हणजे तिचे बाजारमूल्य 100 कोटी. त्यांपैकी बहुतांश शेअर प्रवर्तकांकडे आहेत आणि ते विकत नाहीत. बाजारात फिरणारे शेअर थोडेच. या क्षणी 98च्या भावाने 600 शेअरांची मागणी आहे, 97ने 900 शेअरांची, 95ने 1500ची आणि 92ने 2000ची. एका भागधारकाला तातडीची गरज आहे आणि तो भावाची अट न घालता 5000 शेअर विकायला काढतो. त्याचे पहिले 600 शेअर 98ने जातात, पुढचे 900 शेअर 97ने, आणि असे करत शेवटचे 2000 शेअर 92ला विकले जातात. हाती येतात 4 लाख 72 हजार 600, म्हणजे सरासरी भाव 94.52. पडद्यावरचा 100चा भाव त्याच्या वाट्याला एका शेअरपुरताही आला नाही. शिवाय शेवटचा व्यवहार 92ला झाल्यामुळे कंपनीचे बाजारमूल्य 8 कोटींनी घटले, आणि ते घटवणारी उलाढाल पाच लाखांचीही नव्हती. संध्याकाळी लोक या 8 टक्क्यांच्या घसरणीमागची बातमी शोधत बसतात, आणि बातमी तर काहीच नसते. मोठ्या कंपनीच्या शेअरला प्रत्येक भावावर हजारो शेअरांची मागणी असते, म्हणून तीच 5000 शेअरांची विक्री भावावर पुसटसा ओरखडाही उमटवत नाही.

श्रोतेहो, येथे एक फसगत होते. एखाद्या शेअरचा भाव दिवसचे दिवस हलत नाही, तेव्हा तो शांत आणि स्थिर वाटतो. प्रत्यक्षात त्या दिवसांत व्यवहारच झालेला नसतो, आणि पडद्यावर शेवटचा जुना भाव दिसत राहतो. म्हणून चढउताराचा आकडा पाहण्याआधी रोजची उलाढाल पाहावी. समजा, एका शेअरची महिन्याची सरासरी उलाढाल रोज 6000 शेअरांची आहे. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे 1200 शेअर, भाव फारसा न पाडता विकता येतील असे सावधपणे धरले, तर 24,000 शेअर असलेल्या माणसाला बाहेर पडायला 20 दिवस लागतील. घबराटीच्या काळात हीच उलाढाल आटते, आणि 20 दिवसांचे 60 कधी झाले ते कळतही नाही.

मग लहान कंपन्या या त्रासाचा मोबदला देतात का? 1981 साली रॉल्फ बान्झ यांनी न्यूयॉर्कच्या बाजाराचा अभ्यास करून दाखवले की, जोखीम हिशेबात धरूनही अगदी लहान कंपन्यांनी सरासरीने अधिक परतावा दिला होता. पुढे मात्र हा फायदा बराच फिका पडला. 1997 साली टायलर शमवे यांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली: डबघाईला येऊन बाजाराच्या यादीतून वगळल्या गेलेल्या कंपन्यांचा शेवटचा तोटा संशोधक वापरत असलेल्या आकडेवारीत पुष्कळदा नोंदलेलाच नव्हता. असा शेवट लहान कंपन्यांच्या वाट्याला अधिक येतो, त्यामुळे त्यांची जुनी सरासरी वास्तवाहून बरी दिसत होती. लहान कंपन्यांच्या परताव्याचा कोणताही तक्ता समोर आला की, सुरुवातीला यादीत किती कंपन्या होत्या आणि त्यांपैकी किती शेवटपर्यंत टिकल्या, हे मी आधी पाहतो.

नमस्कार.