उणे १५३ अंडी

(वसतिगृहांच्या मेस व्यवस्थापकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आमच्या वसतिगृहाची कोठी माझ्याकडे आली, त्याच महिन्यात संगणकावर अंड्यांची शिल्लक दिसली उणे १५३. कोठीत जाऊन पाहिलं तर अंडी ट्रेमध्ये नीट रचलेली. हसताय म्हणजे तुमच्याकडेही असं झालेलं दिसतंय!

मी वही घेऊन बसलो. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक २०, ती डझनात लिहिलेली. मग अंडीवाल्यानं ७ ट्रे टाकले, मावशींनी ७ लिहिले. स्वयंपाकघरात मात्र अंडी मोजून जायची, ती महिनाभरात १८०. वीस अधिक सात, वजा एकशेऐंशी. संगणकाचं काहीच चुकलं नव्हतं. आता सगळं नगात करून बघा. २० डझन म्हणजे २४०, ट्रेला ३० प्रमाणे ७ ट्रेची २१०, झाली ४५०. त्यातून १८० गेली, उरायला हवीत २७०. मी आणि मावशींनी मिळून मोजली तर भरली २६५. मावशी म्हणाल्या, "पाच फुटली होती साहेब, कुठं लिहायचं ते कळंना." त्या पाच अंड्यांसाठी मी हा सगळा खटाटोप करतो. उणे १५३ च्या गोंधळात ती कुणालाच दिसली नसती.

अंडी निदान उणे गेली म्हणून कळलं. जिरं वाईट, कारण ते अधिकात राहतं. शिल्लक २, म्हणजे किलो. आवक ५००, म्हणजे ग्रॅम. वापर २५०, तोही ग्रॅम. वहीत उरले २५२. किलोला ३०० रुपये दर धरला तर ७५,६०० रुपयांचं जिरं! प्रत्यक्षात बरणीत सव्वादोन किलो, किंमत ६७५ रुपये. वर्षअखेरीला साठ्याची किंमत काढेपर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि तेलाचा डबा. यावर मला थोडं जास्त बोलू द्या, कारण यात आमचे पैसे गेलेत. आम्ही वहीत नुसतं 'डबा' लिहायचो. एक पुरवठादार १५ किलोचा डबा द्यायचा. दुसऱ्यानं दर कमी सांगितला म्हणून त्याच्याकडून घेऊ लागलो, तर त्याचा डबा १५ लिटरचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे त्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. डब्यामागे सव्वा किलोहून जास्त तेल कमी, आणि आम्ही आचाऱ्याला विचारतोय, तेल इतकं कसं लागतं? त्या माणसाची काही चूक नव्हती. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. पायली हे आकारमानाचं माप, त्यामुळे तांदळाची पायली आणि पोह्यांची पायली तराजूत सारखी उतरत नाही. डबा, पाकीट, पोतं हीसुद्धा भांडीच आहेत, एककं नाहीत.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. वहीतली एककं एकसारखी कशी करायची, हे सांगायला मला बोलावलं होतं. ते आता भराभर सांगतो.

आधी नावं एक करा. जिरे, जिरं, जीरा हे तीन माल नाहीत. मग प्रत्येक मालाला एकच एकक ठरवा, आणि ते माल कोठीतून बाहेर कसा जातो यावरून ठरवा. मसाले ग्रॅममध्ये, तांदूळ-डाळ किलोत, अंडी नगात. जुना आकडा खोडू नका. शेजारी तीन रकाने काढा: लिहिलेलं एकक, गुणक आणि नवा आकडा. डझनाचा गुणक सगळीकडे १२ आहे, पण पाकिटाचा आणि डब्याचा गुणक त्या त्या मालाचा, त्या त्या आकाराचा वेगळा. तो पाकिटावरच्या निव्वळ वजनावरून घ्या, आठवणीतून नको.

एकक लिहिलेलंच नसेल तर बिल काढा. बिलाची रक्कम भागिले आकडा, म्हणजे दर. जिऱ्याचं बिल १५० रुपयांचं आणि आकडा ०.५ असेल, तर दर येतो ३००. ३०० रुपये ग्रॅम जिरं कुठं मिळत नाही, म्हणजे तो अर्धा किलो आहे. दर नेहमीपेक्षा हजारपट किंवा बारापट हलला, की चूक जवळजवळ नेहमी एककाची असते. भाव वाढला म्हणून दर असा उडी मारत नाही. बिलही नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि कोठीत जाऊन माल मोजा किंवा वजन करा. अंदाजानं भरलेला आकडा पुढे खऱ्यासारखाच दिसतो.

जाता जाता मघाशी कुणीतरी केळ्यांचं विचारलं होतं. एक जण डझनावर देतो, दुसरा किलोवर, आणि मुलांना द्यायची एकेक. किलोचे नग करायला ठरलेला गुणक नाही, केळी लहानमोठी असतात. म्हणून टेम्पोतून उतरवतानाच मोजा, वहीत नग लिहा आणि किलो फक्त बिलावर राहू द्या.