शंभर चौकोनांत साक्षरता

[पडद्यावर: करड्या रंगाचे शंभर चौकोन, दहा आडव्या ओळी, दहा उभ्या रांगा. अजून एकही रंगवलेला नाही.]

हे शंभर चौकोन. यातले काही रंगवायचे, बाकीचे तसेच ठेवायचे. झाला वॉफल चार्ट. टक्केवारी दाखवायचा याहून सोपा प्रकार क्वचितच असेल, आणि म्हणूनच तो घाईत काढला जातो. किती चौकोन रंगवायचे, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण खरा प्रश्न आधीचा आहे : हे शंभर चौकोन म्हणजे नेमकं कोण?

उदाहरण घेऊ २०११च्या जनगणनेचं. भारताचा साक्षरता दर ७३ टक्के. लोकसंख्या साधारण १२१ कोटी. हे दोन आकडे शेजारी आले, की ऐकणारा मनातल्या मनात म्हणतो, १२१ कोटींपैकी ७३ टक्के लोकांना लिहिता-वाचता येतं. हे चूक आहे. जनगणनेत साक्षरता मोजतात ती ७ वर्षं आणि त्याहून मोठ्या वयाच्या लोकांची. सहा वर्षांपर्यंतची मुलं हिशेबातच नाहीत. ती २०११ मध्ये साडेसोळा कोटींच्या घरात होती. ती वजा केली की उरतात सुमारे १०४ कोटी ६० लाख. आपले शंभर चौकोन म्हणजे हे लोक. एका चौकोनात साधारण १ कोटी ५ लाख माणसं.

[पडद्यावर: शेजारी दुसरी जाळी. पहिलीत ७३ चौकोन निळे, दुसरीत ६३.]

मुलं न वगळता हिशेब केला तर काय होतं, ते उजवीकडच्या जाळीत पाहा. साक्षर माणसं तेवढीच, ७६ कोटींहून थोडी जास्त. पण भागाकार १२१ कोटींनी केला, म्हणून रंगले ६३ चौकोन. एक अख्खी ओळ गायब. पाय चार्टमध्ये ही चूक सहज लपली असती. इथे ती डोळ्यांत भरते. मात्र दोन्ही जाळ्या शेजारी असल्या तरच. एकटी ६३ची जाळी पाहून कुणालाही संशय येणार नाही.

म्हणून जाळीखालची ओळ आधी लिहायची, रंग नंतर. ‘भारतातील साक्षरता’ एवढं पुरत नाही. लिहायचं असं : ‘७ वर्षं व त्यावरील दर १०० जणांमागे ७३ साक्षर, जनगणना २०११.’ यातलं ‘दर १०० जणांमागे’ गाळू नका. चौकोन पाहिले की पुष्कळांना वाटतं, शंभर माणसांनाच विचारलेलं दिसतंय. चौकोनाऐवजी माणसाची आकृती काढली, तर हा समज आणखी पक्का होतो. आमचं मत चौकोनाच्या बाजूने आहे.

[पडद्यावर: कोरी स्प्रेडशीट. A1 ते J10 हा भाग निवडलेला.]

आता जाळी तयार करू. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, साधी स्प्रेडशीट पुरते. दहा ओळी आणि दहा रांगा घ्या. रांगांची रुंदी ओळींच्या उंचीइतकी करा, म्हणजे आयत न दिसता चौकोन दिसतील. L1 या घरात टक्केवारी लिहा. A1 मध्ये पुढचं सूत्र टाका आणि सगळ्या शंभर घरांत ओढा.

```
=(ROWS(A1:A$10)-1)*10+COLUMN(A1)
```

खालच्या डाव्या कोपऱ्यात १ येईल, वरच्या उजव्या कोपऱ्यात १००. मोजणी तळापासून वर जाते, कारण भरत जाणारी गोष्ट खालून वर भरते, हे सांगावं लागत नाही. मग सगळी घरं निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा नियम द्या आणि भरण्याचा रंग गडद निवडा.

```
=A1<=ROUND($L$1,0)
```

घरांतले आकडे लपवायला नंबर फॉरमॅटमध्ये ;;; असं टाइप करा. जाड पांढऱ्या किनारी दिल्या की चौकोन सुटे दिसतात.

नियमात ROUND कशाला, असा प्रश्न पडेल. २०११चा अंतिम दर दोन दशांश स्थळांपर्यंत ७२.९९ असा लिहितात. ROUND नसेल तर ७३ नंबरचा चौकोन ७२.९९ पेक्षा मोठा ठरतो आणि रंगत नाही. जाळीत ७२ दिसतात, खाली ७३ लिहिलेलं असतं. कुणीतरी मोजतंच, आणि मग सगळ्या चित्रावरचा विश्वास उडतो. दुसरी गडबड याहून ठळक आहे : L1 मध्ये टक्क्याचं चिन्ह लावून 73% लिहिलं, तर स्प्रेडशीट ते ०.७३ धरते. ROUND त्याचा १ करतो आणि शंभर चौकोनांपैकी एकच रंगतो. चिन्ह काढा, नुसते 73 लिहा.

आता पूर्णांकांचा मुद्दा. एक चौकोन म्हणजे एक टक्का. अर्धा चौकोन रंगवायचा मोह टाळा. लोक चौकोन मोजतात, त्यातला रंगलेला भाग मोजत नाहीत. दोनच गट असतील तर एकच आकडा पूर्णांकात आणा आणि दुसरा शंभरातून वजा करून काढा. समजा ६४.५ आणि ३५.५ आहेत : दोन्ही वेगवेगळे पूर्ण केले तर ६५ आणि ३६ होतात, म्हणजे १०१ चौकोन.

तीन गटांत उलटी अडचण येते. समजा, निरक्षर २७.३ टक्के, शाळा अर्धवट सोडलेले २७.३ आणि शाळा पूर्ण केलेले ४५.४. नेहमीच्या नियमाने २७, २७, ४५. बेरीज ९९, एक चौकोन बेवारस. अशा वेळी आधी सगळ्यांचे पूर्णांक तेवढे घ्यायचे आणि उरलेले चौकोन ज्यांचे दशांश सर्वांत मोठे त्यांना द्यायचे. इथे तो ४५.४ ला जातो, होतात ४६. ४५.४ चे ४६ दिसल्यावर जाणकार भुवया उंचावतील. म्हणून खरा आकडा बाजूला लिहून ठेवा.

[पडद्यावर: दोन सारख्या जाळ्या. डावीकडे ८१ चौकोन रंगलेले, उजवीकडे ६५.]

वॉफल चार्टची खरी कमाल तुलनेत दिसते. २०११ मध्ये पुरुषांची साक्षरता ८०.९ टक्के, स्त्रियांची ६४.६. म्हणजे ८१ आणि ६५ चौकोन. डावीकडे आठ ओळी पूर्ण आणि वर एक चौकोन. उजवीकडे सहा ओळी पूर्ण आणि सातवी मध्येच तुटलेली. मधला फरक १६ चौकोनांचा, आणि तो न मोजताही दिसतो.

तो दिसतो, कारण दोन्ही जाळ्या ओळीने भरल्या आहेत, एकाच कोपऱ्यापासून. हेच ६५ चौकोन जाळीभर विखरून टाकले, तर ६५ आहेत की ७२, हे डोळ्याला सांगता येत नाही. एक जाळी ओळीने आणि दुसरी रांगेने भरली, तरी तसाच घोळ होतो. जाळ्यांचं माप मात्र अगदी सारखं ठेवायचं. पुरुषांची संख्या थोडी जास्त आहे म्हणून त्यांची जाळी मोठी करू नका. मोठी जाळी म्हणजे जास्त साक्षरता, असंच वाटतं.

पाच ओळींनंतर आणि पाच रांगांनंतर फट दुप्पट ठेवा. जाळीचे पंचवीस-पंचवीसचे चार तुकडे पडतात आणि मोजणं एकदम सोपं होतं. एवढी छोटी गोष्ट, पण फार कमी जण करतात.

[पडद्यावर: तीच जाळी उभ्या मोबाइलच्या पडद्यावर.]

व्हिडिओसाठी मापाचाही विचार हवा. उभी चौकट १०८० पिक्सेल रुंद असते. चौकोन ८४ पिक्सेलचा आणि फट १० पिक्सेलची ठेवली, तर जाळी ९३० पिक्सेलची होते. मधली फट दुप्पट केली तर ९४०. दोन्ही कडांना श्वास घ्यायला जागा उरते. फट दोन-तीन पिक्सेलवर आणली, की व्हिडिओ आकुंचित होताना ती विरघळते आणि शंभर चौकोनांचा एक निळा ठोकळा उरतो. दोन जाळ्या उभ्या चौकटीत शेजारी बसवू नका, एकाखाली एक ठेवा.

आणि हालचाल. चौकोन एकेक करून टपटप भरत नेले की छान दिसतं, पण पाहणाऱ्याला वाटतं, साक्षरता वाढत चालली आहे. काळ पुढे सरकतोय, असा भास होतो. आधी सगळे शंभर करडे चौकोन स्थिर दाखवा, हे कोण ते बोलून सांगा, आणि मग ७३ चौकोन एकदम रंगवा. न रंगलेल्यांना फिकट पण स्पष्ट करडा रंग द्या. ते पांढरे ठेवले, तर २७ चौकोन, म्हणजे २८ कोटींहून अधिक माणसं, पार्श्वभूमीत विरून जातात.

[पडद्यावर: ‘१९५१’ आणि ‘२०११’ अशा दोन जाळ्या.]

काळ खरोखरच दाखवायचा असेल, तर प्रत्येक वर्षाला वेगळी जाळी. १९५१चा दर १८.३३ टक्के, म्हणजे १८ चौकोन, २०११चे ७३. फरक प्रचंड आहे, यात वाद नाही. पण १९५१, १९६१ आणि १९७१चे दर ५ वर्षं व त्यावरील वयाचे आहेत, १९८१पासूनचे ७ वर्षं व त्यावरील वयाचे. दोन जाळ्यांतले शंभर एकाच मापाने मोजलेले नाहीत. हे जाळीखाली लिहायलाच हवं. २०११साठी ७४.०४ हा आकडाही सर्रास फिरतो. तो हंगामी आकडा होता, अंतिम आकडे त्यानंतर आले. एकाच व्हिडिओत एका ठिकाणी ७३ चौकोन आणि दुसऱ्या ठिकाणी ७४ दिसले, तर बहुधा हेच घडलेलं असतं.

शेवटी, ही जाळी कुठे वापरू नये, तेही. दोन दरांतला फरक एका टक्क्याहून कमी असेल, तर शंभर चौकोनांत दोन्ही जाळ्या हुबेहूब दिसू शकतात, किंवा पूर्णांकामुळे उगाच एक चौकोन पुढे-मागे होतो. आणि वाटा ०.४ टक्के असेल तर एकही चौकोन रंगत नाही, पाहणारा ‘कुणीच नाही’ असं समजतो. तिथे हजार चौकोन घ्यावे लागतात, पंचवीस ओळी आणि चाळीस रांगा, त्यातले चार रंगलेले. मोबाइलवर मात्र हजार चौकोन दिसत नाहीत. त्यापेक्षा मोठ्या अक्षरांत ‘हजारात ४’ असं लिहिलेलं बरं.