पिवळा बेदाणा, जर्दाळू आणि दम्याची धाप

दमा असलेल्या काही जणांना मूठभर पिवळा बेदाणा किंवा दोन-तीन केशरी जर्दाळू खाल्ल्यावर काही मिनिटांतच छातीत घरघर सुरू होते. बहुतेकदा दोष फळाचा नसतो, ते टिकवण्यासाठी वापरलेल्या सल्फाइटचा असतो. आपल्या सांगली-तासगावकडेही पिवळ्या बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातला सल्फर डायऑक्साइड वायू सल्फाइटच्या रूपात फळात मुरतो आणि फळ काळे पडू देत नाही.

असे फळ चावताना आणि पोटातल्या आम्लात हा वायू पुन्हा मोकळा होतो, श्वासाबरोबर आत ओढला जातो आणि आधीच हळव्या असलेल्या श्वासनलिका आकसतात. प्रत्येक दमेकऱ्याला हा त्रास होत नाही. अंदाजे शंभरातल्या तीन ते दहा जणांना होतो, आणि ज्यांचा दमा आटोक्यात नाही त्यांना धोका अधिक असतो. ही नेहमीच्या अर्थाने अॅलर्जी नसल्यामुळे त्वचेवरची चाचणी बहुधा काहीच दाखवत नाही, आणि खात्री करायची तर रुग्णालयात देखरेखीखाली सल्फाइट देऊनच करावी लागते. घरी तसा प्रयोग कोणीही करू नये.

मात्रेचा अंदाज घ्या. एका किलो बेदाण्यात 1000 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड असेल, तर तीस ग्रॅमच्या मुठीत 30 मिलिग्रॅम येतो. संवेदनशील माणसाला त्याहून कमीही पुरतो.

आता धुण्याविषयी, कारण गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहे. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने धूळ आणि वरवरचा अंश जातो. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी फेकून दिले तर आणखी थोडा उतरतो. परंतु बराचसा सल्फाइट गरात साखरेशी बांधलेला असतो, म्हणून धुतलेले फळ संवेदनशील माणसासाठी सुरक्षित होत नाही. उकळण्याचा मार्ग तर मला मुळीच पटत नाही, कारण वाफेबरोबर निघणारा वायू भांड्यावर वाकलेल्या माणसाच्याच नाकात जातो.

त्यामुळे खरा उपाय निवडीचाच आहे. पाकिटावर ‘सल्फाइट’, ‘मेटाबायसल्फाइट’ किंवा 220 ते 228 यांपैकी क्रमांक दिसला तर ते परत जागेवर ठेवा, घेऊ नका. किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असेल तर तसे छापणे बंधनकारक आहे, मात्र सुट्या मालावर अशी माहिती मिळत नाही. गंधक न दिलेला जर्दाळू तपकिरी, जवळजवळ काळपट असतो, आणि चकचकीत केशरी रंग हीच शंकेची खूण समजावी. काळ्या मनुका आणि खजूर बहुधा सल्फाइटविना मिळतात, तरी लेबल वाचावेच. पाकीट उघडताच नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा उग्र वास आला, तर दमेकऱ्याने ते खाऊ नये. वास नसला म्हणून सल्फाइट नाही, असे मात्र मानू नये.

खाल्ल्यावर घरघर सुरू झालीच तर डॉक्टरांनी दिलेला तातडीचा इनहेलर लगेच घ्यावा, आणि धाप थांबत नसेल, बोलणे तुटत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.